ताळा जुळला, तरी उत्तर चुकलं

*ताई, मी बँकेच्या क्लार्क परीक्षेची तयारी करतेय. तक्ता किंवा आलेख दिलेला असला की पाचपैकी चार-पाच बरोबर येतात. परिच्छेद आला की घोळ होतो. क्लासमध्ये सांगतात, आधी तक्ता कर. परवाच्या सराव पेपरात केला. सात मिनिटं गेली, उभ्या-आडव्या बेरजा अगदी जुळल्या, आणि पाचपैकी एकच उत्तर बरोबर आलं. परिच्छेद, प्रश्न आणि माझ्या वहीचं पान पाठवतेय. जुळलेल्या तक्त्यातूनही उत्तरं चुकणार असतील तर तो करायचा कशाला?*

*परिच्छेद: सोलापूरच्या एका चादरीच्या कारखान्यात विणकाम, शिलाई आणि पॅकिंग असे तीन विभाग आहेत. शिलाई विभागात पुरुषांपेक्षा ५० स्त्रिया जास्त आहेत. विणकाम विभागातील पुरुष हे कारखान्यातील एकूण पुरुषांच्या ६० टक्के आहेत. कारखान्यातील एकूण ६०० कामगारांपैकी ४० टक्के स्त्रिया आहेत. ४५ टक्के कामगार विणकाम विभागात असून उरलेले कामगार शिलाई आणि पॅकिंगमध्ये ७:४ या प्रमाणात आहेत. शिलाई विभागातील ३० टक्के स्त्रिया अर्धवेळ काम करतात.*

*प्रश्न: (१) पॅकिंगमधील स्त्रिया आणि शिलाईतील पुरुष यांचे गुणोत्तर किती? (२) विणकामातील स्त्रिया एकूण स्त्रियांच्या किती टक्के? (३) पॅकिंगमधील पुरुष शिलाईतील पुरुषांपेक्षा किती टक्के कमी आहेत? (४) शिलाईत पूर्णवेळ काम करणाऱ्या स्त्रिया किती? (५) शिलाई आणि पॅकिंगमध्ये मिळून पुरुष किती?*

*— एक वाचक, विडी घरकुल, सोलापूर*

तुझं पान समोर घेऊन चहाला बसले आणि चहा गार झाला. पहिल्या वाचनात मलाही चूक दिसली नाही. तू केलेला तक्ता इथे उतरवते, म्हणजे बाकीच्यांनाही बघता येईल.

| | पुरुष | स्त्रिया | एकूण |
|---|---|---|---|
| विणकाम | १६२ | १०८ | २७० |
| शिलाई | ८० | १३० | २१० |
| पॅकिंग | ११८ | २ | १२० |
| एकूण | ३६० | २४० | ६०० |

उभं मोजलं तरी बरोबर, आडवं मोजलं तरी बरोबर. पण पहिल्याच घरातले १६२ चुकलेत आणि पुढची सगळी पडझड तिथून झाली आहे.

परिच्छेदातलं तिसरं वाक्य पुन्हा वाच. विणकामातले पुरुष 'एकूण पुरुषांच्या' ६० टक्के आहेत. तू २७० चे ६० टक्के काढलेस, म्हणजे विणकाम विभागाला शंभर धरलंस. वाक्याने शंभर धरलंय ते कारखान्यातल्या सगळ्या पुरुषांना. ते ३६०, त्यांचे ६० टक्के २१६. वाक्य 'विणकाम विभागातील' या शब्दांनी सुरू होतं, त्यामुळे डोळा तिथेच बसतो आणि पुढचे दोन शब्द नुसते नजरेखालून जातात. पेपर काढणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं, म्हणून तर वाक्याची सुरुवात त्याने अशी केली.

बँकेतल्या पहिल्या वर्षी मीही हेच केलं होतं. वरून विचारणा आली होती की थकीत खात्यांपैकी किती टक्के पीककर्जाची आहेत. मी पीककर्जाच्या खात्यांपैकी किती टक्के थकीत आहेत ते काढून तक्ता केला. बेरजा पैशापर्यंत जुळल्या होत्या आणि मी मोठ्या ऐटीत कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी बेरीज तपासलीच नाही. पहिल्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "अहो, हे शंभर कोणाचे?" तेव्हापासून टक्क्याचा आकडा दिसला की मी हाच प्रश्न मनात विचारते.

मराठीत याचं उत्तर बहुतेक वेळा शब्दाच्या शेपटीत असतं. ज्या शब्दाला 'च्या' किंवा 'पैकी' लागून लगेच टक्के आलेत, तो शंभर. 'एकूण पुरुषांच्या ६० टक्के' यात पुरुष शंभर, '६०० कामगारांपैकी ४० टक्के' यात कामगार शंभर. तुलना असेल तर ज्याला 'पेक्षा' लागलं तो शंभर. पेपर इंग्रजीतून देणार असशील तर 'ऑफ' आणि 'दॅन' यांच्या पुढे काय येतं ते बघ. अडचण होते ती शेपूट नसलेल्या वाक्यात. '४५ टक्के कामगार विणकाम विभागात' म्हटलं की शंभर म्हणजे सगळे कामगार. 'शिलाई विभागातील ३० टक्के स्त्रिया' म्हटलं की शंभर म्हणजे फक्त शिलाईतल्या स्त्रिया, कारखान्यातल्या सगळ्या नव्हेत. अशा वाक्यात टक्क्यानंतर येणारं नाम धरायचं आणि त्याच्या आधी विभागाचं बंधन घातलंय का ते पाहायचं.

आता तुझा मूळ प्रश्न, की मग बेरीज जुळली कशी? विणकामातल्या पुरुषांच्या घरात तू १६२ भरलेस आणि शेजारचं घर २७० मधून वजा करून काढलंस. शिलाईची ओळ दुसऱ्या माहितीवरून भरली. पॅकिंगची दोन्ही घरं उभ्या बेरजेतून वजा करून आली. म्हणजे विणकामाच्या ओळीचा आणि दोन्ही रकान्यांचा ताळा तू जुळवूनच घरं भरलीस, तो न जुळून जाईल कुठे? खरं वाटत नसेल तर त्या पहिल्या घरात मनाला येईल तो आकडा घाल. १०० घाल. विणकामात स्त्रिया १७०, पॅकिंगमध्ये पुरुष ३६० वजा १०० वजा ८० म्हणजे १८०, आणि स्त्रिया २४० वजा १७० वजा १३० म्हणजे उणे ६०. १८० आणि उणे ६० मिळून १२०. ताळा याही वेळी जुळला, फक्त पॅकिंगमध्ये उणे साठ बायका कामाला लागल्या.

तेव्हा ताळा वजाबाकीतली चूक पकडतो, वाचनातली नाही. वजाबाकीतली चूकही तो तेव्हाच पकडतो, जेव्हा शेवटचं एक घर तू दोन वाटांनी काढतेस, एकदा उभ्या रकान्यातून आणि एकदा आडव्या ओळीतून. एवढं एक घर तपासलं की पुरे. सगळ्या बेरजा पुन्हा मारत बसू नकोस. तुझ्या पानावर प्रत्येक बेरजेपुढे बरोबरची खूण आहे, त्यात नक्कीच अर्धा-पाऊण मिनिट गेलं असेल.

वाचनातली चूक मात्र दुसरीकडून कळते, आणि तुझ्या बाबतीत ती ओरडून सांगत होती. तिसरा प्रश्न बघ. पॅकिंगमधले पुरुष शिलाईतल्या पुरुषांपेक्षा किती टक्के कमी? तुझ्या तक्त्यात पॅकिंगमध्ये ११८ आहेत आणि शिलाईत ८०. कमी कुठे, ते तर जास्त आहेत! तू ३८ भागिले ८० करून ४७.५ लिहिलंस आणि पुढे गेलीस. प्रश्न 'कमी' म्हणत असताना तक्ता 'जास्त' दाखवत असेल, तर सरळमार्गी पेपरात प्रश्न चुकलेला नसतो, तक्ता चुकलेला असतो. तिथेच मागे वळून टक्क्यांची वाक्यं पुन्हा वाचायची. पॅकिंगमध्ये ११८ पुरुष आणि दोनच स्त्रिया, हाही एक इशारा होता. तो अशक्य नाही, पण अशा परिच्छेदात सहसा कोणी इतका एककल्ली आकडा ठेवत नाही. अपूर्णांकात किंवा उणे आलेली माणसं तर सरळ चूकच. पण पर्यायांत आपलं उत्तर सापडलं म्हणून बरोबर असेल, असं मात्र समजू नकोस. ज्या वाक्यावर गफलत होणार हे माहीत असतं, त्या गफलतीचं उत्तरही पर्यायांत ठेवलेलं असतं. पहिल्या प्रश्नात तुला १:४० पर्यायांत सापडलं ते उगाच नाही.

आता हाच परिच्छेद मी कसा सोडवला असता ते सांगते.

आधी एकदा सगळा वाचून काढते, हातात पेन न घेता. या वाचनात एकच गोष्ट शोधते, की याच माणसांचे तुकडे कोणकोणत्या दोन प्रकारे केलेत. इथे ६०० माणसं एकदा विभागांत वाटली आहेत आणि एकदा स्त्री-पुरुषांत. म्हणजे विभाग तीन ओळींत, स्त्री-पुरुष दोन रकान्यांत, शिवाय एकूणची ओळ आणि एकूणचा रकाना. अर्धवेळ-पूर्णवेळ हा तिसरा तुकडा आहे, पण तो फक्त एका घराबद्दल, शिलाईतल्या स्त्रियांबद्दल सांगितलाय. त्याच्यासाठी तू वेगळा रकाना आखलास, वर उतरवताना मी तो सोडला, आणि तो रिकामाच राहिला. एका घरापुरती माहिती त्या घराच्या कोपऱ्यात लिहायची. '३०% अर्धवेळ' एवढं बास.

तक्ता आखायला पट्टी नको. तुझ्या पानावर पट्टीने मारलेल्या रेषा आहेत, अक्षर सुंदर आहे, 'विणकाम विभाग' असं पूर्ण लिहिलंय. हे सगळं वहीत ठीक. पेपरात वि, शि, पॅ आणि पु, स्त्री एवढंच. क्लार्कच्या पूर्व परीक्षेत अंकगणिताच्या ३५ प्रश्नांना २० मिनिटं असतात. त्या हिशेबाने पाच प्रश्नांच्या वाट्याला तीन मिनिटंसुद्धा येत नाहीत.

यानंतर एक गोष्ट करते जी क्लासमध्ये फारशी कोणी सांगत नाही. माहितीचे तुकडे मोजते. एकूण सोडून आतली घरं किती? तीन गुणिले दोन, सहा. तक्ता पुरा भरायचा तर एकमेकींपासून न निघणाऱ्या सहा गोष्टी परिच्छेदात असायला हव्यात. इथे बघ: ५० ने जास्त, पुरुषांचे ६० टक्के, एकूण ६००, ४० टक्के स्त्रिया, ४५ टक्के विणकामात, ७:४. बरोबर सहा. अर्धवेळवाली सातवी गोष्ट एका घराच्या आतली, ती या मोजणीत येत नाही. सहा भरल्या, म्हणजे प्रत्येक घर निघणार याची खात्री झाली. पाचच भरल्या असत्या तर सगळी घरं काही केल्या सुटणार नाहीत हे आधीच कळलं असतं, आणि त्यांच्यापायी डोकं फोडण्यात वेळ गेला नसता. 'एकमेकींपासून न निघणाऱ्या' हे शब्द मात्र विसरू नकोस. '४० टक्के स्त्रिया' आणि '६० टक्के पुरुष' ही दोन्ही वाक्यं परिच्छेदात असली तरी माहिती एकच.

भरायची सुरुवात कडेने करते. आमचे अण्णा सोलापूरच्या पूर्व भागात माग चालवणाऱ्या एकाकडे हिशेब लिहायचे. पगाराच्या वहीचं पान उघडलं की ते आधी उजवीकडचा आणि खालचा 'एकूण' लाल पेन्सिलीने भरायचे, मग आतली नावं. मला लहानपणी ते उलटं वाटायचं. पण आतलं घर वजाबाकीने काढायचं तर कशातून वजा करणार, ते आधी हवंच ना? परिच्छेदातली वाक्यं मुद्दाम अशा क्रमाने असतात की सुरुवातीच्या वाक्यांचा लगेच उपयोगच होत नाही. 'पुरुषांपेक्षा ५० स्त्रिया जास्त' हे आलं तेव्हा शिलाईत माणसं किती हे आपल्याला ठाऊकच नव्हतं. असं वाक्य आलं की अडून बसायचं नाही. त्या ओळीच्या बाजूला 'स्त्री = पु + ५०' लिहून पुढे जायचं. तसंच विणकामातल्या पुरुषांच्या घरात 'एकूण पु चे ६०%' एवढंच लिहायचं. आकडा नाही, शंभर कोणाचे ते लिहायचं. तू त्या घरात नुसतं '६०%' लिहिलंस, आणि दोन मिनिटांनी तिकडे परत आलीस तेव्हा ते कशाचे हे विसरली होतीस. खरी चूक त्या क्षणाची आहे.

मग कडा. एकूण ६००. स्त्रिया ४० टक्के, २४०. पुरुष उरले ३६०. विणकाम ४५ टक्के. दहा टक्के ६०, तर ४५ टक्के २७०. उरले ३३०, त्याचे अकरा भाग केले की एक भाग ३०, म्हणून शिलाई २१० आणि पॅकिंग १२०. कड पूर्ण झाली आणि एकूण सहा गोष्टींपैकी चार वापरून झाल्या. बाजूला ठेवलेल्या दोन आता कामाला येतात. ३६० चे ६० टक्के २१६, म्हणून विणकामात स्त्रिया ५४. शिलाईत २१० माणसं आणि फरक ५०, तर स्त्रिया २६० च्या निम्म्या १३० आणि पुरुष ८०. पॅकिंगमध्ये पुरुष ३६० वजा २१६ वजा ८०, म्हणजे ६४. स्त्रियांचं घर दोन वाटांनी: रकान्यातून २४० वजा ५४ वजा १३०, म्हणजे ५६, ओळीतून १२० वजा ६४, तेही ५६.

| | पु | स्त्री | एकूण |
|---|---|---|---|
| वि | २१६ | ५४ | २७० |
| शि | ८० | १३० (३०% अर्धवेळ) | २१० |
| पॅ | ६४ | ५६ | १२० |
| एकूण | ३६० | २४० | ६०० |

पहिल्याचं उत्तर ५६:८०, म्हणजे ७:१०. दुसऱ्याचं ५४ भागिले २४०, साडेबावीस टक्के. तिसऱ्यात ८० आणि ६४ मध्ये फरक १६. 'शिलाईतील पुरुषांपेक्षा' म्हटलंय म्हणून शंभर म्हणजे ८०, आणि उत्तर २० टक्के. इथे १६ भागिले ६४ केलं तर २५ येतं आणि ते पर्यायांत असण्याची शक्यता फार. तक्ता बरोबर करूनही मुलं इथे पडतात, कारण 'शंभर कोण' हा प्रश्न परिच्छेदापुरताच आहे असं त्यांना वाटतं. चौथ्यात १३० चे ७० टक्के, ९१. तुझं हे एकच बरोबर आलं, कारण शिलाईच्या ओळीला त्या १६२ चा स्पर्शच झाला नव्हता.

पाचवा प्रश्न मला या संचात सगळ्यात आवडला. शिलाई आणि पॅकिंगमध्ये मिळून पुरुष किती? ८० अधिक ६४ करून १४४ येतात. पण ते दोन्ही आकडे काढायची गरजच नव्हती. सगळे पुरुष ३६०, त्यातले ६० टक्के विणकामात, उरले ४० टक्के, १४४. ७:४ चं प्रमाण लागत नाही, ५० चा फरक लागत नाही. म्हणून मी कड भरून झाली की आतली घरं भरण्याआधी एकदा प्रश्नांवर नजर टाकते. पाचही प्रश्नांना पॅकिंगची ओळ लागतच नसेल तर ती भरायची कशाला? मात्र परिच्छेद वाचायच्या आधी प्रश्न वाचण्याचा सल्ला काही जण देतात, तो मला पटत नाही. घरं कोणती हेच माहीत नसताना प्रश्न डोक्यात राहत नाहीत.

तुझ्या निकालाचा हिशेबही जाता जाता करते. चुकीला पाव गुण वजा. एक बरोबर, चार चूक, म्हणजे सात मिनिटं घालवून हाती शून्य. पहिल्या घरातला एक आकडा बरोबर असता तर याच तक्त्यातून पाच गुण आले असते.

पुढच्या सरावासाठी याच परिच्छेदात एक बदल कर. '६००' हा आकडा खोडून टाक. आता गोष्टी पाच उरल्या, घरं सहा. अशा वेळी सहावी गोष्ट बहुधा प्रश्नात 'जर' घेऊन येते, जसं 'जर पॅकिंगमध्ये ५६ स्त्रिया असतील तर कारखान्यात एकूण कामगार किती?' इथे बहुतेक जण सवयीने एकूण १०० धरतात. नुसते टक्के आणि गुणोत्तरं असतील तेव्हा १०० धरणं उत्तमच. पण परिच्छेदात ५० हा माणसांचा खरा आकडा आहे. शंभर धरलेस तर शिलाईत ३५ माणसं, त्यात स्त्रिया पुरुषांपेक्षा ५० ने जास्त, म्हणजे पुरुष उणे साडेसात. धरलेले आकडे आणि खरे आकडे एका ताटात वाढले की असं होतं.

म्हणून एकूण १०० नाही, १००क धरायचे. स्त्रिया ४०क, पुरुष ६०क. विणकाम ४५क, शिलाई ३५क, पॅकिंग २०क. विणकामात पुरुष ३६क, स्त्रिया ९क. शिलाईत स्त्रिया ३५क अधिक ५० च्या निम्म्या, म्हणजे १७.५क + २५. पॅकिंगमधल्या स्त्रिया रकान्यातून काढ: ४०क मधून ९क गेले, १७.५क + २५ गेले, उरले १३.५क − २५. हे ५६ आहेत, म्हणून १३.५क बरोबर ८१, क बरोबर ६, आणि एकूण ६००. तक्ता तोच, भरण्याचा क्रम तोच, फक्त प्रत्येक घरात आकड्याच्या शेपटीला क. याला वेळ जास्त लागतो. संचात असा एकच 'जर'वाला प्रश्न असेल तर बाकीचे चार सोडवून तो शेवटी ठेव.

शेवटी एक सावधगिरी, कारण तुझ्या पानाच्या मागच्या बाजूला दुसऱ्या एका परिच्छेदाचा अर्धवट तक्ता दिसला, 'चादर, टॉवेल, दोन्ही' असे तीन रकाने असलेला. तो तिथेच बिनसला असणार. समज, गड्डा यात्रेच्या दिवसांत एका दुकानात २०० गिऱ्हाइकं आली. १२० जणांनी चादर घेतली, ९० जणांनी टॉवेल घेतला, ४० जण नुसते भाव विचारून गेले. दोन्ही घेणारे किती? तुझ्या तीन रकान्यांत दोन्ही घेणारा माणूस चादरीतही बसतो, टॉवेलमध्येही बसतो आणि 'दोन्ही'तही. एक माणूस तीनदा मोजला गेल्यावर बेरीज २०० कशी येईल?

रकाने असे हवेत की प्रत्येक माणूस एकाच घरात बसला पाहिजे. इथे ओळी 'चादर घेतली' आणि 'चादर नाही', रकाने 'टॉवेल घेतला' आणि 'टॉवेल नाही'. घरं चार, आणि गोष्टीही चार: २००, १२०, ९० आणि ४०. टॉवेल न घेणारे ११०, त्यातले ४० काहीच न घेणारे, म्हणून फक्त चादर घेणारे ७०. चादरवाले १२०, त्यातले ७० गेले, दोन्ही घेणारे ५०. फक्त टॉवेलवाले ४०. चादर, टॉवेल आणि नॅपकिन अशा तीन वस्तू आल्या तर मात्र हा तक्ता पुरत नाही, तिथे एकमेकांत गुंतलेली तीन वर्तुळंच काढावी लागतात.

त्या पानावरचा परिच्छेद अर्धाच दिसतोय, म्हणून त्याचं उत्तर देत नाही. हे चार घरांचं वापरून तूच पुरा कर आणि पान पाठव. या वेळी प्रत्येक टक्क्यापुढे 'कशाचे' ते लिहिलेलं दिसू दे.